वाचताना सगळं येतं, टेस्टमध्ये का आठवत नाही?

"मॅडम, पॉलिटी तीनदा वाचून झालंय, वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण टेस्टमध्ये दोन ऑप्शनमध्ये अडकते आणि चुकीचाच गोल करून येते. माझी मेमरीच कमी आहे का?"

नमस्कार मित्रांनो. हा प्रश्न राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा, पुण्यात अभ्यासिकेत बसते ती. मी तिचं पुस्तक मिटवलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं आणीबाणीबद्दल जे आठवतंय ते सगळं लिही. 352, 356, 360 ही कलमं पटापट आली, पण संसदेची मंजुरी किती दिवसांत लागते इथे पेन थांबलं, मग तिन्हींसमोर तिने दोन महिने लिहिलं.

मेमरी चांगलीच होती हो तिची. पान समोर असलं की ओळ ओळखीची वाटते आणि आपण ती आठवली असं धरून चालतो, पण पेपरमध्ये पान समोर नसतं. चारही ऑप्शन ओळखीचे दिसतात, आणि चुकलं की त्या प्रश्नाचे पाव मार्क वरून जातात.

मग आम्ही तिची पद्धत बदलली. एक छोटा टॉपिक वीस-पंचवीस मिनिटं वाचायचा, पुस्तक बंद, आठवेल ते कागदावर, मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा तेच, पण दरवेळी आधी लिहायचं, पुस्तक नंतर. पुस्तक बघून सुंदर नोट्स उतरवत बसलात तर तो वेळ वाया, कारण डोक्याला काही शोधावंच लागत नाही.

पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली, कागद नुसता लाल, तिला वाटलं आपल्याला आधीपेक्षा कमी येतंय. तसं वाटतंच, कारण आधी झाकलेलं आता दिसतं. बघायचं एवढंच की पुढच्या कागदावर लाल कमी होतंय का. तिचं 352 मात्र लालच राहत होतं. अशा अडलेल्या जागी नुसतं घोकू नका, कारण शोधा. मुळात 352 लाही दोन महिनेच होते, 1975 च्या आणीबाणीनंतर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने एक महिना केला, पुन्हा कुणी सहज लादू नये म्हणून. हे कळल्यावर तिचा तो आकडा परत चुकला नाही.

एक सांगून ठेवते, टॉपिक समजलाच नसेल तर कोरा कागद काही करणार नाही, आधी नीट समजून घ्या. आणि सीसॅटला हे चालत नाही, तिथे घड्याळ लावून उतारे आणि गणितंच सोडवावी लागतात.