गिअरने घासलेला बूट: आधी रंग, मग चमक

प्रश्न: "रोज परभणीहून मोटारसायकलने ये-जा असते. गिअर वर उचलून उचलून डाव्या बुटाचं नाक घासलंय, आतलं फिकट चामडं दिसायलंय. बूट टॅन रंगाचे, लेदरचे आहेत. बाटलीतलं लिक्विड पॉलिश दोनदा लावलं. दोन दिवस बरं दिसतं, मग तिथे पापुद्रे येतात. १५ दिवसांवर भावाचं लग्न आहे. नवीन घ्यायचे नाहीत. काय करू?"

उत्तर:

१५ दिवस भरपूर झाले. खरं काम चार संध्याकाळचं आहे, त्यातही बराचसा वेळ बूट वाळण्यात जातो. आधी दुखणं काय आहे ते समजून घ्या. घासलेल्या जागी चमक गेलेली नाही, चामड्यावरचा रंगाचा थर गेलाय आणि खालचे तंतू उभे राहिलेत. लिक्विड पॉलिश वर प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा धरतं. तुमच्या बुटाचं नाक गिअरमुळे रोज दाबलं जातं, घासलं जातं, म्हणून तो पापुद्रा सुटतो. डबीतलं मेणाचं पॉलिश थेट लावलंत तरी उपयोग नाही. त्यात रंग कमी असतो आणि उभ्या तंतूंवर मेण गोळा होऊन ती जागा राखाडी, मळकट दिसते. म्हणून क्रम असा ठेवा: जुना थर काढणं, साफसफाई, तंतू बसवणं, चामड्याचं कंडिशनर, मग रंगाचं क्रीम आणि सगळ्यात शेवटी मेण.

बूट खरंच लेदरचा आहे का, तेवढं आधी बघून घ्या. लेस काढा आणि जिभेची कापलेली कड नीट बघा. लेदर असेल तर कड तंतुमय दिसते. रेक्झिन असेल तर वर प्लॅस्टिकचा थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. रेक्झिनचा पापुद्रा सुटला असेल तर खाली लिहिलेल्या कशानेच तो परत बसणार नाही, त्यावर पैसे घालू नका. दुसरी खूण म्हणजे घासलेल्या जागी पाण्याचा एक थेंब टेकवा. तो मुरून जागा गडद झाली की खालचं चामडं उघडं पडलंय असं समजा. तुम्ही "आतलं फिकट चामडं" लिहिलंय, त्यावरून तुमचे बूट लेदरचेच वाटतात.

पहिली संध्याकाळ. लेस काढून ठेवा आणि बुटात शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार धरणारा साचा, किंवा साध्या कागदाचे बोळे घट्ट भरा. नाक आतून रिकामं असेल तर घासताना चामडं दबतं आणि सुरकुतीत हात नीट पोचत नाही. आता कोरड्या ब्रशने धूळ काढा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि सोलच्या शिवणीत घट्ट बसते. तिथे जुना टूथब्रश फिरवा. ही धूळ राहिली आणि वरून ओलं कापड फिरलं, तर तिचा चिखल होऊन तो चामड्यात शिरतो. त्यामुळे कोरडा ब्रश उरकायची घाई करू नका.

मग लिक्विड पॉलिशचा थर काढा. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं घ्या आणि आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून बघा. मूळ रंगही थोडा निघतो, ते अपेक्षित आहे. पण बोळा एकदम गडद झाला तर तिथेच थांबा. नाकावर दाबून घासायचं नाही, हलकं पुसायचं आणि दर वेळी नवा बोळा घ्यायचा. पापुद्रा गेला की चामडं निस्तेज, कोरडं दिसतं. तसंच दिसायला हवं. घासलेल्या जागेपलीकडे स्पिरिट नेऊ नका.

त्यानंतर धुणं. चामड्यासाठीचा सॅडल सोप मिळाला तर तो वापरा, नाहीतर वाटीभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पुरतो. कापड बुडवून घट्ट पिळा, आधी फेस कापडावरच करा, मग पूर्ण बूट पुसून घ्या आणि साध्या ओलसर कापडाने साबण काढून टाका. फक्त नाक पुसलंत तर डाग पडतो, म्हणून अख्खा बूट एकसारखा ओलसर व्हायला हवा. कपड्यांचा साबण किंवा पावडर मात्र अजिबात नको. चामडं थोडं आम्लधर्मी असतं आणि धुण्याचा साबण अल्कधर्मी. त्याने चामडं कडक होतं आणि पुढे भेगा पडतात.

बूट रात्रभर सावलीत, हवेशीर जागी ठेवा. गच्चीवर नको, गाडीच्या बॉनेटवर नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो आणि ओलं चामडं त्या उन्हात आक्रसतं. नाकाला एकदा सुरकुती कडक बसली की ती निघत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तंतू बसवायचे. हार्डवेअरच्या दुकानातून ६०० किंवा ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणा. बोटाएवढा तुकडा घ्या आणि हलक्या हाताने, एकाच दिशेने, फक्त उभ्या तंतूंवर फिरवा. बोटाला जागा गुळगुळीत लागली की थांबायचं. त्यापुढे गेलात तर चांगला भागही फिकट होईल. कुठे चामड्याचा पापुद्रा उचलला गेला असेल तर तो घासून काढू नका. टूथपिकने खाली रबर सोल्यूशनचा छोटा ठिपका लावा आणि तो दाबून चिकटवा. खोल खाच असेल, बोट फिरवल्यावर खड्डा लागत असेल, तर ती घरी भरणार नाही. ते काम चामड्याच्या फिलरचं आहे आणि चांगल्या दुरुस्ती करणाऱ्या काकांकडून करून घेतलेलं बरं.

धूळ पुसून कंडिशनर लावा. रंगहीन, क्रीमसारखा घ्या. मटारच्या दाण्याएवढा कापडावर घ्या, अख्ख्या बुटाला पातळ पसरवा आणि घासलेल्या जागी थोडा जास्त जिरवा. रात्रभर राहू द्या. सकाळी जे जिरलं नाही ते कोरड्या कापडाने काढून टाका. हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, पण तुमच्या बुटाला याचीच सगळ्यात जास्त गरज आहे. उघडं चामडं क्रीम जास्त पितं आणि बाकीच्यापेक्षा गडद होतं. त्यामुळे नाकावर काळसर ठिपका दिसतो. कंडिशनर आधी जिरलं की दोन्ही भाग रंग जवळपास सारखा घेतात. शिवाय आपली कोरडी हवा चामड्यातलं तेल कमी करतेच.

खोबरेल तेल लावू नका, हे वेगळं सांगायलाच हवं, कारण हा सल्ला जवळपास प्रत्येक घरात मिळतो. टॅन बुटावर तेलाचा डाग कायमचा गडद होतो, तेलकट चामड्यावर क्रीम धरत नाही आणि रस्त्यावरची धूळ त्याला चिकटते.

तिसरी संध्याकाळ क्रीम पॉलिशची. हे डबीतल्या मेणापेक्षा मऊ असतं, त्यात रंग जास्त असतो आणि थोडं पाणीही असतं, म्हणून ते चामड्यात उतरतं. रंग निवडताना जिभेखाली झाकलेल्या भागाशी जुळवा, कारण वरचा भाग उन्हाने फिकट झालेला असतो. दोन छटांमध्ये अडलात तर फिकट घ्या. फिकटावर गडद चढवता येतो, गडद काढणं अवघड. कापड बोटाला गुंडाळून थेंबभर क्रीम घ्या, फक्त घासलेल्या जागेवर छोट्या वर्तुळांत लावा आणि कडा बाहेरच्या बाजूला विरवत न्या. १० ते १५ मिनिटं वाळू द्या, ब्रशने झाडा, परत पातळ थर. तीन-चार पातळ थरांत फिकटपणा झाकला जातो. एकाच जाड थरात तो झाकायला गेलात तर वरचं क्रीम वाळतं, खालचं चिकट राहतं आणि दुसऱ्या दिवशी पॅंटच्या मोहरीला रंग लागतो. मग शेवटचा एक थर अख्ख्या बुटाला द्या, आणि उजव्या बुटालाही. तो घासलेला नाही म्हणून सोडलात तर लग्नात दोन पाय दोन रंगांचे दिसतील.

चौथ्या थरानंतरही फिकटपणा डोकावत असेल तर चामड्याचा मूळ रंगथर पूर्ण गेलाय असं समजा. आणखी क्रीम चढवून फायदा नाही. लेदर रिकलरिंग बाम नावाचा वेगळा पदार्थ मिळतो, तो पातळ लावून वरून क्रीम द्या.

चौथ्या संध्याकाळी मेण. डबीतलं मेण पॉलिश फक्त नाकाला आणि टाचेला, म्हणजे जिथे चामडं वाकत नाही तिथेच लावा. पायाची बोटं जिथे मुडपतात त्या भागावर मेण लावलंत तर चालताना त्याला पांढऱ्या रेषा पडतात. पातळ थर, पाच मिनिटं थांबणं, मग ब्रश. नाकावर खास चकाकी हवी असेल तर कापडाला पाण्याचा एक थेंब आणि किंचित मेण घेऊन वर्तुळं काढत राहा. हात हलका लागला पाहिजे, घासायचं नाही. पृष्ठभाग धूसर झाला तर मेण जास्त झालंय, पाण्याचा थेंब घेऊन त्याच जागी फिरवत राहा, धूसरपणा निघून जातो.

हे सगळं लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी संपवा. लग्नाच्या सकाळी फक्त ब्रश फिरवायचा. ताज्या मेणावर मांडवातली धूळ चिकटते.

आता राहिला गिअर लिव्हर. त्याच्या टोकाचं रबर झिजलेलं किंवा गायब असणार, तिथून लोखंड थेट बुटाला लागतं. कुठल्याही मोटारसायकल स्पेअरच्या दुकानात ते रबर मिळतं, नवीन टाका. तुमच्या गाडीला पुढे-मागे दाबायचा दुहेरी लिव्हर असेल तर मागची बाजू टाचेने दाबत जा, नाकाने उचलावंच लागत नाही. आणि एवढं करूनही लग्नानंतर रोज घालणार असाल तर डाव्या बुटाच्या नाकावर दर पंधरा दिवसांनी एक पातळ थर क्रीमचा द्या, उजव्याला महिन्यातून एकदा पुरे.

काम झाल्यावर दोन्ही बुटांचे फोटो एका शेजारी एक ठेवून दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, ट्यूबलाइटखाली नको. तिथे टॅनची छटा चुकीची दिसते आणि रंग जुळलाय की नाही हे मला सांगता येणार नाही.