स्कायलँडर्सची खेळणी दुसऱ्या कन्सोलवर चालतात का?

प्रश्न: आतेभावाने त्याच्या एक्सबॉक्स ३६०ची स्कायलँडर्सची वीसेक खेळणी आणि पोर्टल माझ्या मुलीला दिलं. आमच्याकडे पीएस४ आणि स्विच आहेत. यातलं काय चालेल? निन्टेंडोची अमीबो खेळणीही अशीच असतात का?

उत्तर: खेळणी चालतील, पोर्टल चालणार नाही.

प्रत्येक खेळण्याच्या बुडाशी बिनबॅटरीची छोटी चिप असते. पोर्टलवर ठेवलं की तिला तिथूनच वीज मिळते. ते पात्र कोणतं, त्याची लेव्हल किती, नाणी किती, हे सगळं चिपवरच लिहिलेलं असतं आणि कन्सोल कोणता याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आमच्याकडे पीएस३वर वाढवलेलं एक पात्र पुतण्याच्या वीवर नेलं, तर ते आपल्या लेव्हलसकट तिथे उभं राहिलं. मुलांना याचंच सर्वात अप्रूप वाटलं.

पोर्टलचं तसं नाही. एक्सबॉक्सची जोडणी वेगळी असल्याने ३६०चं पोर्टल पीएस४ला लावलं तरी गेम 'पोर्टल जोडा' असंच सांगत राहतो. एक्सबॉक्स वनलाही ते चालत नाही. जुन्या बाजारात घेताना बुडाकडचं लेबल वाचा. गेम आणि त्याच्यासोबतचं पोर्टल एकत्रच घेतलेलं बरं, कारण ट्रॅप टीम या गेमला (२०१४) खलनायक पकडायचे ट्रॅप खोचायला खाच असलेलं पोर्टल लागतं.

पीएस४साठी मी इमॅजिनेटर्स (२०१६) घ्यायला सांगेन. जुनी पात्रं नव्या गेममध्ये चालतात, नवी जुन्यात नाहीत. हा मालिकेतला शेवटचा मोठा गेम, त्यामुळे पहिल्या २०११च्या गेमपासूनची तुमची सगळी पात्रं त्यात येतील. ट्रॅप मात्र ट्रॅप टीमसाठी बनवलेले.

स्विचवर हाच गेम २०१७मध्ये आला आणि त्याला पोर्टल लागतच नाही. खेळण्याचं बूड उजव्या जॉय-कॉनच्या स्टिकवर टेकवायचं. एकदा स्कॅन केलेलं पात्र गेममध्येच साठतं, दर वेळी खेळणं शोधावं लागत नाही. लहान मुलीसाठी मला हीच आवृत्ती जास्त आवडते.

ढिगात डाँकी काँग किंवा बाउझर असेल तर तो बाजूला काढा. सुपरचार्जर्ससाठी (२०१५) आलेली ही दोन खेळणी बैठक फिरवली की अमीबो होतात, आणि ती फक्त निन्टेंडोच्या कन्सोलवर चालतात. पीएस४ त्यांना घेणार नाही.

बाकी अमीबो स्विचवर, वी यूवर आणि ३डीएसवर चालतात, सोनी-मायक्रोसॉफ्टकडे नाहीत. काही गेम त्यांच्यावर लिहितात, काही नुसतं वाचतात. वुल्फ लिंकचा अमीबो घ्या. वी यूवरच्या ट्वायलाइट प्रिन्सेस एचडीमध्ये त्याच्यावर साठवलेली हृदयं स्विचवरच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये वाचली जातात. तो गेम न खेळता नवाकोरा अमीबो टेकवला, तर लांडगा तीनच हृदयं घेऊन येतो.