वायरलेस चार्जरच्या पॅडवर नाणं राहिलं तर चार्जरला कळतं कसं?

नुसतं नाणं पॅडवर पडलं असेल तर फारशी चिंता नको. फोनकडून उत्तर आल्याशिवाय चार्जर पूर्ण वीज सोडतच नाही. खरी पंचाईत होते ती फोन आणि पॅडच्या मधे नाणं किंवा किल्ली अडकली की.

तेव्हा चार्जर चक्क हिशोब मांडतो. चार्जिंग चालू असताना फोन त्याला सारखा कळवत असतो, मला इतकी वीज पोचली. समजा चार्जरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, ५ वॉट निघाले आणि फोन म्हणतो ४.९ मिळाले, तर ठीक. पण ५.६ निघून ४.९च पोचले, तर मधले ०.७ वॉट कुठे गेले? कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्यात भोवरा प्रवाह फिरतात, वीज त्यातच उष्णता होऊन जाते. एवढ्याशा नाण्याला चटका बसण्याइतकं तापवायला अर्धा वॉटही पुरतो. तूट मर्यादेबाहेर गेली की चार्जर बंद.

मात्र वॉट वाढले की मोजमापातली चूकही वाढते आणि छोटी तूट त्यात लपते. म्हणून बरेच चार्जर सुरू होण्याआधीच कॉइलला विजेचा हलका झटका देऊन तिच्यातली विजेची कंपनं किती लवकर विरतात ते बघतात. धातू जवळ असेल तर ती लवकर विरतात.

तुझा चार्जर सारखा थांबत असेल तर आधी कव्हरमागची धातूची पट्टी काढून बघ. फोन कॉइलच्या मधोमध नसला तरी हिशोब चुकतो.