‘ब’ श्रेणी, ‘ओ-३’ श्रेणी आणि जुलैचं वेतन

प्रश्न: आमच्या बुटीबोरीच्या कारखान्यात अप्रेझलनंतरची पत्रं मराठीत निघतात. त्यांतून वेतनवाढ, पदोन्नती आणि नवी श्रेणी काढून पगारबदलाची यादी मला करायची असते. एकाच पत्रात ‘श्रेणी’ दोनदा येते, एकदा ‘ब’ आणि एकदा ‘ओ-३’. यातली यादीत कोणती घ्यायची? ‘सुधारित श्रेणी’ म्हणजे पदोन्नतीच का? आणि ‘जुलैच्या वेतनासोबत’ म्हणजे जुलैत हातात पडणारा पगार की जुलै महिन्याचा?

यादीत ‘ओ-३’ घ्या. ‘ब’ हा वर्षभराच्या कामाचा शेरा आहे, त्याचा पगाराच्या रकान्याशी थेट संबंध नाही. पण हे उत्तर एका पत्रापुरतं झालं. पुढच्या पत्रात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन श्रेण्या आल्या तर काय करायचं, ते ठरवायला शब्दाकडे जरा नीट बघावं लागतं.

श्रेणी म्हणजे मुळात ओळ, रांग. पर्वतश्रेणी म्हणतो ती हीच. रांगेत माणूस कितवा उभा आहे, यावरून तिला दर्जाचा अर्थ आला आणि मराठीत तो दोन वाटांनी रुळला. एक वाट शाळेची: प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी. तिथे श्रेणी ‘मिळते’, कारण ती झालेल्या कामाचं मोल सांगते. दुसरी वाट नोकरीची: वेतनश्रेणी. तिथे माणूस श्रेणीत ‘असतो’, ‘जातो’, ‘बसवला जातो’, कारण ती त्याची पगारातली जागा सांगते. रोजच्या बोलण्यात आपण पहिलीला रेटिंग आणि दुसरीला ग्रेड म्हणून मोकळे होतो, म्हणून घोळ होत नाही. पत्र शुद्ध मराठीत लिहायला घेतलं की दोन्ही एकाच शब्दात येऊन बसतात.

त्यामुळे श्रेणीला लागलेला प्रत्यय आणि नंतरचं क्रियापद बघावं. ‘२०२४-२५ च्या मूल्यांकनात आपणास ‘ब’ श्रेणी प्राप्त झाली’ इथे काळ मागचा आहे, आणि श्रेणी प्राप्त झाली आहे. ‘दि. १ जुलै २०२५ पासून आपणास ओ-३ श्रेणीत समाविष्ट करण्यात येत आहे’ इथे ‘श्रेणीत’ आहे, ‘पासून’ आहे, आणि क्रिया पुढे लागू व्हायची आहे. रेटिंगला वर्ष असतं, ग्रेडला तारीख असते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पत्रांत एवढ्या खुणेवर काम भागतं.

एक क्रियापद मात्र फसवं आहे: देणे. ‘आपणास ‘ब’ श्रेणी देण्यात येत आहे’ हे वाक्य दोन्हीकडे बरोबर बसतं. अशा वेळी कारखान्याच्या वेतनरचनेचा तक्ता उघडावा. त्यात ओ-१ ते ओ-५ अशाच श्रेण्या असतील तर ‘ब’ म्हणजे शेरा, प्रश्न मिटला. तक्त्यातही अ, ब, क असेल तर भाषेच्या जोरावर निकाल लावू नये. तो रकाना कोरा ठेवून शेऱ्यात ‘श्रेणी मूल्यांकनाची की वेतनाची, खुलासा हवा’ असं लिहावं आणि पत्र लिहिणाऱ्याकडे पाठवावं. कोरा रकाना तपासताना डोळ्यांत भरतो, चुकीचं अक्षर भरत नाही. ते थेट पगारपत्रकावर छापून येतं आणि मग खिडकीशी माणूस उभा राहतो: ‘मॅडम, मी तर ओ-दोनमधी आहो, हे ब कुठून आलं?’ त्याचं विचारणं रास्त असतं. कामावरचा शेरा हा त्याच्या आणि साहेबाच्या मधला मामला, तो पगारपत्रकावर चार जणांना दिसायला नको होता.

आता ‘सुधारित’. या शब्दात ‘चांगलं झालेलं’ असं ऐकू येतं, म्हणून पदोन्नतीचा भास होतो. कार्यालयीन मराठीत त्याचा अर्थ फक्त ‘आधीच्या जागी आता हे’ एवढाच आहे. श्रेणी तीन कारणांनी सुधारित होते. माणूस वरच्या पदावर गेला म्हणून, वेतनरचनाच नव्याने आखली आणि जुन्या ‘श्रेणी ५’ ला सगळ्यांसाठी ‘ओ-३’ म्हणायला लागले म्हणून, किंवा आधीच्या पत्रात चूक होती म्हणून. यातली फक्त पहिली पदोन्नती. शाळांमध्ये याचं चांगलं उदाहरण आहे. शिक्षकाला १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्याची सोय आहे. श्रेणी बदलते, पगार वाढतो, पण तो शिक्षकच राहतो, मुख्याध्यापक होत नाही. तेव्हा पत्रात ‘पदोन्नती’ हा शब्द किंवा नव्या पदाचं नाव दिसल्याशिवाय यादीत पदोन्नतीच्या रकान्यात ‘होय’ लिहू नका. आणि उलटही बघा: ‘पदनामात बदल’ म्हणजे पाटी बदलली, श्रेणी आणि पैसा जागच्या जागी असू शकतो.

तिसरं कारण सगळ्यात त्रासाचं. चूक दुरुस्त करणारं पत्र हे जुन्या पत्राच्या जागी येतं, त्याच्या जोडीला येत नाही. एका माणसाची दोन पत्रं सापडली आणि दोन्हींच्या ओळी यादीत गेल्या, तर वाढ दोनदा लागते. दुसऱ्या पत्रात ‘अधिक्रमित करून’ किंवा ‘पूर्वीचे पत्र रद्द समजावे’ असं काही आहे का ते शोधा. यादी पुरी झाल्यावर ती कर्मचारी क्रमांकाने लावून बघितली, तर एका क्रमांकासमोर एकाच तारखेच्या दोन ओळी लगेच दिसतात. वेगवेगळ्या तारखांच्या दोन ओळी मात्र खऱ्या असू शकतात.

तशा खऱ्या दोन ओळींचं एक पत्र घेऊ. मजकूर मी तुमच्या पत्रांच्या धाटणीवर बेतला आहे: ‘२०२४-२५ च्या मूल्यांकनात आपणास ‘ब’ श्रेणी प्राप्त झाली असून आपल्या मूळ वेतनात दि. १ एप्रिल २०२५ पासून रु. १,२०० ची वाढ मंजूर करण्यात येत आहे. तसेच दि. १ जुलै २०२५ पासून आपणास वरिष्ठ ऑपरेटर या पदावर पदोन्नती देऊन ओ-३ श्रेणीत आपले सुधारित मूळ वेतन रु. १३,६०० निश्चित करण्यात येत आहे. फरकाची रक्कम जुलैच्या वेतनासोबत अदा करण्यात येईल.’

पत्रात जुनं मूळ वेतन नाही, ते पगाराच्या नोंदींतून घ्यावं लागतं. समजा ते ११,००० आहे. ‘ची वाढ’ म्हणजे भर, म्हणून एप्रिलपासून १२,२००. ‘निश्चित’ म्हणजे शेवटचा आकडा, त्यात एप्रिलची वाढ आलेली आहे. म्हणून जुलैपासून १३,६००. पदोन्नतीची भर १,४०० झाली, ती पत्रात कुठेच लिहिलेली नाही, वजाबाकी करूनच कळते. यादीत दोन ओळी हव्यात. पहिली १ एप्रिलची: फक्त वेतनवाढ, मूळ वेतन ११,००० वरून १२,२००, पद आणि श्रेणी जुनीच. दुसरी १ जुलैची: पदोन्नती, वरिष्ठ ऑपरेटर, श्रेणी ओ-३, मूळ वेतन १२,२०० वरून १३,६००.

घाईत दोन्ही एका ओळीत कोंबल्या आणि तारीख एप्रिलची राहिली, तर पदोन्नतीचे १,४०० तीन महिने आधीपासून लागतात, म्हणजे ४,२०० रुपये जास्त जातात. ते पुढे पगारातून कापायची पाळी येते आणि वाढ मिळालेल्या माणसाचाच पगार एखाद्या महिन्यात कमी दिसतो. हे ओळखायची खूण अशी की दुसऱ्या ओळीतलं ‘जुनं वेतन’ हे पहिल्या ओळीतल्या ‘नव्या वेतना’शी जुळलं पाहिजे. १२,२०० च्या जागी ११,००० दिसलं की मधली ओळ सुटली असं समजा.

राहिला जुलै. ‘जुलैचं वेतन’ मध्ये ‘चं’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे आणि षष्ठी नातं सांगते, कोणतं ते सांगत नाही. जुलैत केलेल्या कामाचं वेतन, की जुलैत हाती येणारं? जिथे पगार महिनाअखेरीला होतो तिथे दोन्ही एकच. जिथे पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होतो तिथे ७ जुलैला हाती पडतो तो जूनचा. आपल्याकडे बोलताना ‘जुलैचा पगार झाला नाही अजून’ असं दोन्ही अर्थांनी म्हणतात, आणि ऐकणारा कॅलेंडर बघून अर्थ लावतो. यादीला ती सोय नाही. वरच्या पत्रात जुलै हा कामाचा महिना धरला, तर एप्रिल, मे, जून असे तीन महिने मिळून फरक ३,६०० होतो आणि तो ७ ऑगस्टला मिळतो. देण्याचा महिना धरला, तर जूनचा पगार त्याच वेळी नव्या दराने निघतो, म्हणून फरक फक्त एप्रिल आणि मेचा, २,४००. एकूण पैसा तेवढाच, पण यादीतला फरकाचा आकडा वेगळा. यात ३,६०० हा आकडा आणि जूनचा नवा दर असे दोन्ही एकदम लागले तर जूनची वाढ दोनदा गेली. फरक मूळ वेतनाचा असल्याने भविष्य निर्वाह निधीची कपातही त्यावर होते, म्हणजे चूक दोन ठिकाणी उमटते.

पत्रातच कधी कधी उत्तर असतं. इथे पदोन्नती १ जुलैची आहे आणि १३,६०० चा पहिला पगार जुलैच्या कामाचाच असणार, त्यामुळे सगळा हिशेब त्याच पगारात एकत्र चुकता करायचा असावा. मी हे पत्र कामाच्या महिन्याचं वाचीन, पण यादीत घालण्याआधी खात्री करून घेईन.

या घोळावर सरकारी मराठीत फार चांगला तोडगा आहे आणि तो तुम्ही नागपुरात कुठल्याही शासकीय कार्यालयाच्या वेतन देयकावर पाहू शकता: ‘माहे जून, देय जुलै’. ‘माहे’ हा फारसी ‘माह’, म्हणजे महिना, त्यावरून आला. त्याने कामाचा महिना बांधला जातो आणि ‘देय’ने पैशाचा. जुनाट वाटतो म्हणून हल्ली पत्रांतून तो गाळतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तुमच्या यादीत ‘महिना’ असा एक रकाना असेल तर त्याचे ‘माहे’ आणि ‘देय’ असे दोन करा. पत्र लिहिणाऱ्यांनाही शेवटचं वाक्य असं सुचवा: ‘फरकाची रक्कम माहे जुलै २०२५, देय ऑगस्ट २०२५ च्या वेतनासोबत अदा करण्यात येईल.’ आणि वरच्या श्रेणीच्या वाक्यात ‘मूल्यांकन श्रेणी’ व ‘वेतनश्रेणी’ असे जोडशब्द पूर्ण लिहायला सांगा.