न्यायाधिकरणांचा अभ्यास सुरू करताय? आधी सदस्यांची मुदत बघा

न्यायाधिकरणांची तरतूद करणारं राज्यघटनेचं कलम ३२३-अ नंतर वाचलंत तरी चालेल. आधी नेमणुकीचे नियम उघडा आणि एवढंच शोधा:

- निवड समितीत वरचष्मा कुणाचा, न्यायाधीशांचा की सरकारी सचिवांचा?
- सदस्याची मुदत किती आणि फेरनेमणूक कुणाच्या हातात?

यातली मुदत नवख्यांना किरकोळ वाटते, पण खरी मेख तिथेच आहे. २०२१च्या अध्यादेशाने मुदत चार वर्षं आणि किमान वय ५० ठरवलं. मद्रास बार असोसिएशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुलैमध्ये दोन्ही रद्द केलं. एवढ्याशा मुदतीसाठी चालती वकिली कोण सोडेल? आणि जो येईल, तो फेरनेमणुकीसाठी सरकारकडे बघत राहील. तेच सरकार बहुतेकदा त्याच्यासमोर पक्षकार असतं. पुढच्याच महिन्यात संसदेने त्याच तरतुदी कायदा करून परत आणल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याही रद्द झाल्या. मला हा प्रकार फार गंभीर वाटतो, म्हणून हे निकाल क्रमानेच वाचा.

नेहमीची चूक म्हणजे कुणा सदस्याने पक्षपात केल्याचा पुरावा शोधत बसणं. कोर्टाला तो लागत नाही. रचनेतच दबावाला वाव आहे का, एवढंच ते तपासतं. तांत्रिक, म्हणजे न्यायाधीश नसलेल्या तज्ज्ञ सदस्यांचा वाद सध्या बाजूला ठेवा.