काढणीआधी सोयाबीनचा भाव बांधावा का?

प्रश्न : "साहेब, चार एकर सोयाबीन शेंगा भरायला लागलंय. शेतकरी कंपनी म्हणते, आत्ताच ४,५०० रुपयांनी करार करा, माल ऑक्टोबरअखेर द्या. पुढं भाव वाढला तर आमचं नुकसान, पडला तर फायदा. काय करावं?" (एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : करार करा, पण सगळ्या मालाचा नको. एकरी आठ क्विंटल धरले तर ३२ होतात. करारात मात्र वाईट वर्षीही घरात येईल तेवढंच लिहा, समजा एकरी चार, म्हणजे १६ क्विंटल. ऐन काढणीत पाऊस बसला, उतारा निम्म्यावर आला आणि करार ३२ चा असला, तर उरलेला माल बाजारातून घेऊन भरावा लागेल, नाहीतर दंड. त्याच पावसानं शेजाऱ्यांचंही पीक डागलं, तर चांगला माल तेव्हा महागच असणार. ही जोखीम भावाच्या चढउतारापेक्षा मोठी आहे.

आता भावाचं. १६ क्विंटल बांधले, १६ मोकळे ठेवले. बाजार ३,९०० वर आला तर सरासरी ४,२०० पडेल, ५,१०० झाला तर ४,८००. वाढीतला निम्मा वाटा सोडून पडझडीचा निम्मा मार तुम्ही टाळता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला दहा हजारांच्या घरात गेलेलं सोयाबीन नवा माल येईपर्यंत पाच-सहा हजारांवर आलं होतं. हे होणार हे आधी कुणालाच सांगता आलं नव्हतं, म्हणून पुढचा भाव ओळखण्याच्या भरीस पडू नका. बांधलेल्या मालातून रब्बीचं बी-खत आणि उधारी भागते का, एवढं पाहा.

२०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, मग ४,५०० ला का द्यायचं, हे तुमच्या मनात येईल. मोकळ्या मालासाठी खरेदी केंद्रावर नोंदणी जरूर करा. पण तिथं नंबर कधी लागेल आणि पैसे कधी जमा होतील, यावर हरभऱ्याची पेरणी अडवून ठेवता येत नाही.

सही करण्याआधी ओलाव्याचं कलम दोनदा वाचा. समजा करारात ओलावा १० टक्के धरलाय आणि माल १४ टक्क्यांचा निघाला. टक्क्याला एक किलो काट असेल तर क्विंटलमागे चार किलो, म्हणजे १८० रुपये गेले. दोन किलो असेल तर ३६० गेले आणि तुमचा ४,५०० चा भाव ४,१४० झाला. काट किती, ओलावा कुणाच्या मीटरवर आणि तुमच्यासमोर मोजणार का, हे लिहून घ्या. माल ताडपत्रीवर दोन ऊन जास्त दिलेला बरा.

भाव पडल्यावर काही खरेदीदार माल "डागी" म्हणून परत पाठवतात. म्हणून थोडी उचल आधी मागा. पैसा गुंतला की सहसा मागं फिरत नाहीत. डागी दाण्याची मर्यादा टक्क्यात लिहून घ्या, वाद झाला तर नमुना कुठं तपासायचा तेही ठरवा, आणि कराराची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.