फ्री डेमो की अर्धी फी घेऊन पहिला तास?

"मी गाणं शिकवते, एकेकट्याला. गेल्या 3 महिन्यात 20 जणांनी फ्री डेमो बुक केला, 12 आले, 4 क्लासला लागले. बाकीचे तास वाया. आता पहिल्या तासाला अर्धी फी ठेवू का? संध्याकाळी 2च जागा उरल्यात, सकाळ मात्र रिकामीच असते."

ताई, न सांगता दांडी मारणाऱ्या त्या 8 जणांचा राग येणारच, पण क्लासला लागलेल्या एकाचा हिशोब आधी करू. तो आठवड्याला 1 तास असा 6 महिने टिकला तर साधारण 24 तासांची फी देतो, आणि त्याला मिळवायला, न आलेल्यांसाठी अडवलेले धरून, तुमचे डेमोचे 5 तास गेले. वाईट सौदा नाहीये हा.

आता समजा अर्धी फी ठेवली आणि 9 जणांनीच बुक केलं, 8 आले, 3 लागले (आकडे मी धरलेत, तुमचे वेगळे येतील). 8 जणांची अर्धी फी म्हणजे 4 तासांचे पैसे आले, 11 तास वाचले, पण एक विद्यार्थी कमी झाला म्हणजे 24 तासांची फी गेली. मग प्रश्न एवढाच की त्या वाचलेल्या 11 तासांत तुम्ही काय करणार? सकाळचे असतील तर काहीच नाही, कारण तेव्हा शिकायला कोणी नाहीच, म्हणजे 4 कमावून 24 घालवले. संध्याकाळचं उलट आहे, जागाच 2 तर तिसरा-चौथा बसवणार कुठे, तिथे कमी लोक आले तरी तुमचं काही जात नाही आणि दांडीबहाद्दरासाठी अडवून ठेवलेला तास मात्र खरंच महाग पडतो.

म्हणून मी सरसकट फी लावणार नाही. सकाळची वेळ हवी असलेल्यांना डेमो फ्री, संध्याकाळ हवी असेल तर अर्धी फी बुकिंगलाच घ्यायची, आणि क्लास लावला की ती पहिल्या महिन्याच्या फीतून वजा. वजा करून दिली की हातात फारसं काही उरत नाही हे खरं, पण ते पैसे कमाईसाठी नाहीतच, माणूस येणार की नाही ते कळावं म्हणून आहेत. आदल्या दिवशीपर्यंत कळवलं तर परत द्या, नाहीतर वाद होतात.

फ्री डेमोतसुद्धा एक चूक बऱ्याच जणी करतात, तासभर शिकवून टाकतात. 25-30 मिनिटं पुरतात, आवाज ऐका, एक सोपा सराव द्या, जमेल का आणि किती वेळ लागेल ते सांगा, आणि फी किती ते तिथेच बोला. लाजून नंतर मेसेज केला की तिथेच माणूस निसटतो.

वहीत सकाळ-संध्याकाळ वेगळं लिहा: विचारलं किती, बुक किती, आले किती, आणि तिसऱ्या महिन्यात टिकले किती. बदल केल्यावर पहिल्या 20 जणांत एखादा इकडेतिकडे झाला तर लगेच नियम बदलू नका, तेवढा फरक नुसता योगायोगानेही पडतो.